जठराचा दाह किंवा अल्सर असताना कॉफी: केव्हा थांबवावी, केव्हा परत सुरू करावी आणि डिकॅफ किंवा दुधाचा किती उपयोग होतो

भुसावळला औषधांच्या दुकानात बसून मला एकवीस वर्षे झाली. "पित्ताची गोळी द्या" असे म्हणणारी माणसे रोज येतात, आणि अमळनेर-पारोळ्याकडची असतील तर "छातीम्हा जयजय व्हस" एवढे सांगूनही काम भागते. यांपैकी ज्यांना डॉक्टरांनी गॅस्ट्रायटिस किंवा अल्सर असल्याचे सांगितलेले असते, त्यांचा गोळी घेतानाचा पुढचा प्रश्न बहुधा कॉफीचाच असतो: पूर्ण बंद करायची का, दूध जास्त घातले तर चालेल का, आणि ती कॅफीनविरहित डिकॅफ मागवली तर प्रश्न सुटेल का. मी डॉक्टर नाही. चिठ्ठी वाचून औषध कसे घ्यायचे ते समजावणे एवढेच माझे काम आहे. पण या तीन प्रश्नांची उत्तरे डॉक्टर सहसा काय देतात आणि ती तशी का देतात, हे नव्याने निदान झालेल्या माणसाला क्रमाने सांगता येण्यासारखे आहे.

उदाहरण म्हणून एका गृहस्थांची हकीकत सोबत ठेवतो. नाव सांगत नाही, पण त्यांची परवानगी घेतली आहे. वय चव्वेचाळीस, रेल्वेत नोकरी, महिन्यातले बरेच दिवस रात्रपाळी. घरून थर्मासमध्ये दुधाची इन्स्टंट कॉफी न्यायची, प्रत्येक कपाला दोन चमचे या हिशेबाने फेटलेली, आणि रात्रभरात चार कप संपवायचे असा त्यांचा क्रम होता. रात्री दोनच्या सुमारास पोटाच्या वरच्या भागात, बेंबी आणि छातीच्या हाडाच्या मध्ये, कुरतडल्यासारखे दुखू लागे. कॉफीचा कप घेतला की अर्धा तास बरे वाटे. त्यामुळे कॉफी आपल्याला मानवते, असा त्यांचा ठाम समज झाला होता. हा समज कुठे चुकला ते पुढे दुधाच्या भागात येईल.

पहिली पायरी: व्रण कशामुळे झाला ते आधी शोधणे

कॉफी सोडली म्हणजे अल्सर बरा होईल, असे गृहीत धरून पुष्कळ लोक महिनाभर कॉफी सोडतात आणि तपासणी टाळतात. ही या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. जठराच्या आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील व्रणांची मुख्य कारणे दोनच आहेत: हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आणि अंगदुखीच्या गोळ्या. या जिवाणूचा आणि व्रणाचा संबंध ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिला, त्यासाठी मार्शल यांनी जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन पाहिले, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी तिखट, चिंता आणि चहा-कॉफी यांच्याच माथी सगळा दोष मारला जात असे, आणि आपल्याकडे तो अजूनही मारला जातो.

कॉफीबद्दलचा पुरावा उलट दिशेचा आहे. जपानमध्ये ८,०१३ निरोगी माणसांची पाहणी करून २०१३ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कॉफी पिण्याचा आणि जठराच्या किंवा लहान आतड्याच्या व्रणाचा संबंध आढळला नाही. याचा अर्थ व्रण असलेल्या माणसाला कॉफीने त्रास होत नाही असा मात्र नाही. व्रण होणे आणि झालेल्या व्रणाला झोंबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढचे सगळे विवेचन दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

आमच्या गृहस्थांची जळगावला दुर्बिणीतून तपासणी झाली, तेव्हा लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण दिसला आणि त्याच वेळी घेतलेल्या तुकड्याच्या चाचणीत जिवाणूही सापडला. डॉक्टरांनी विचारले की दुखण्याच्या गोळ्या घेता का, तेव्हा ते आधी नाही म्हणाले, कारण गुडघ्यासाठी अधूनमधून घेतलेली डायक्लोफेनॅक ही त्यांच्या हिशेबी "औषध" नव्हतीच. त्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या जुन्या चिठ्ठीवर मीच दिल्या होत्या, हे येथे लिहून ठेवणे योग्य. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना घरात असलेली प्रत्येक पट्टी पिशवीत घालून न्यावी; डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन आणि पॅरासिटामॉलमध्ये यांपैकी एखादी मिसळलेली जोडगोळी या सगळ्या त्यात मोजायच्या. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. ती चालू ठेवून जठराला संरक्षण कसे द्यायचे ते डॉक्टर ठरवतात.

काही लक्षणे अशी आहेत की ती दिसल्यावर कॉफीचा विचार करत बसायचेच नाही. शौच डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची होणे, उलटीत रक्त येणे, अन्न गिळताना अडणे, कारण नसताना वजन उतरणे, किंवा एकाएकी असह्य दुखून पोट फळीसारखे कडक होणे, यांपैकी काहीही झाले तर लगेच रुग्णालय गाठावे. कॉफीच्या गाळासारखी उलटी असे एक लक्षण डॉक्टर विचारतात, पण आपल्याकडे बहुतेकांनी इन्स्टंट कॉफीच पाहिलेली असल्याने गाळ म्हणजे काय हे कळत नाही. वापरून झालेली ओली चहापत्ती चुरगळून पाण्यात टाकली तर जसे गडद तपकिरी कण दिसतील तसे समजावे. ते जठरात थांबून आम्लाने काळवंडलेले रक्त असते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते. शंका असल्यास तपासून घ्यावे.

दुसरी पायरी: उपचार चालू असतानाची कॉफी

जिवाणू सापडल्यास साधारणपणे चौदा दिवस प्रतिजैविके आणि त्यांच्यासोबत आम्ल कमी करणारी गोळी दिली जाते. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल किंवा रॅबेप्राझोल ही त्या गोळ्यांची नावे चिठ्ठीवर दिसतात. लहान आतड्याच्या व्रणाला ही गोळी सहसा चार आठवडे आणि जठराच्या व्रणाला आठ आठवडे चालते. या काळात कॉफीबद्दल डॉक्टरांचा सल्ला दोन प्रकारचा असतो. दुखणे जोरात असेल, उलट्या होत असतील किंवा रक्तस्राव झालेला असेल, तर कॉफी पूर्ण थांबवायला सांगतात. दुखणे सौम्य असेल तर पुष्कळ डॉक्टर इतकेच म्हणतात की ज्याने त्रास होतो ते टाळा, उपाशीपोटी कॉफी घेऊ नका आणि प्रमाण कमी ठेवा. दोन रुग्णांना दोन वेगळे सल्ले मिळाले म्हणून एक डॉक्टर चुकला असे समजण्याचे कारण नाही.

माझ्या अनुभवात गोंधळ होतो तो गोळीच्या वेळेवरून. आम्ल कमी करणारी गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, कारण जठरातले आम्लाचे पंप अन्न आल्यावर जागे होतात आणि गोळी जाग्या पंपांनाच बंद करते. लोक सकाळी सहाला गोळी घेतात, साडेसहाला कॉफी पितात आणि जेवतात थेट अकराला. म्हणजे ज्या अन्नासाठी गोळी घेतली ते अन्न आलेच नाही, आणि आम्लाला चेतवणारी कॉफी मात्र रिकाम्या पोटात गेली. योग्य क्रम असा की आधी गोळी, अर्ध्या तासाने पोहे, उपमा किंवा दूध-भाकरी असे काही पोटभर, आणि कॉफीला परवानगी असेल तर ती त्यानंतर. व्रणातून रक्त गेल्यामुळे लोहाची गोळी सुरू असेल, तर तिच्या आणि कॉफीच्या मध्ये किमान एक-दोन तास जाऊ द्यावेत, कारण कॉफी आणि चहा दोन्ही लोहाचे शोषण कमी करतात.

उपवासाचा उल्लेख येथेच करतो. एरवी चहा पिणाऱ्या घरांतही एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी सकाळी उठल्या उठल्या कॉफी होते आणि फराळ दुपारी. व्रण भरत असताना असा उपवास करू नये, आणि करायचाच असेल तर फराळ आधी, कॉफी नंतर.

बिडी-सिगारेटबद्दल एकच वाक्य: धूम्रपानाने व्रण भरायला उशीर होतो, हे पक्के ठाऊक आहे, त्यामुळे कॉफी सोडून सोबतची बिडी तशीच ठेवण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी: डिकॅफकडून अपेक्षा किती ठेवावी

कॉफी स्वतः आंबट आहे म्हणून पोट जळते, असा समज असतो. प्रत्यक्षात कॉफीची आम्लता जठरातल्या आम्लाच्या मानाने फारच सौम्य असते. त्रास होतो तो कॉफीमुळे जठर स्वतःचे आम्ल अधिक सोडू लागते म्हणून, आणि हे घडवून आणणारे केवळ कॅफीन नाही. १९७५ साली अमेरिकेतील एका अभ्यासात साधी कॉफी, डिकॅफ आणि नुसते कॅफीन यांची तुलना झाली, तेव्हा डिकॅफने आम्ल जवळजवळ साध्या कॉफीइतकेच वाढले आणि ते नुसत्या कॅफीनपेक्षा जास्त होते. १९८१ च्या आणखी एका अभ्यासातही डिकॅफ ही आम्ल वाढवणारी जोरकस गोष्ट ठरली. कॉफीच्या बियांत आणि त्या भाजताना तयार होणारे इतर घटक हे काम करतात, आणि कॅफीन काढून टाकले तरी ते तिथेच राहतात.

म्हणून जठराच्या दाहासाठी किंवा व्रणासाठी डिकॅफ हा उपाय नाही. तिचा फायदा दुसरीकडे आहे. इन्स्टंट कॉफीच्या एका चमच्यात, म्हणजे सुमारे २ ग्रॅममध्ये, साधारण ६० मिलिग्रॅम कॅफीन असते आणि डिकॅफच्या कपात ते फक्त काही मिलिग्रॅम उरते. ज्यांना कॉफीने झोप उडते किंवा धडधडते त्यांना फरक कळतो, आणि आम्ल अन्ननलिकेत उलटून छातीत जळते अशा काहींनाही डिकॅफने आराम पडतो. पण दुखणे बेंबीच्या वर असेल तर डिकॅफवर जास्तीचे पैसे घालण्याआधी हा फरक लक्षात घ्यावा.

दुकानात आणखी एक घोटाळा दिसतो. चिकोरी घातलेली कॉफी म्हणजे कमी कॅफीनची, म्हणून पोटाला हलकी, असे काही जण समजतात. चिकोरीत कॅफीन नसते हे खरे, आणि मिश्रणात तिचे प्रमाण ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. ते पाकिटावर छापलेले असते. मात्र उरलेला भाग कॉफीच असतो, आणि कप गडद दिसावा म्हणून चमचा वाढवला की हिशेब परत तिथेच येतो.

चौथी पायरी: दूध

दुधाने आराम पडतो, ही गोष्ट खोटी नाही, आणि म्हणूनच ती फसवी आहे. दूध पोटात गेल्यावर असलेले आम्ल थोडा वेळ निष्प्रभ करते; मग त्यातली प्रथिने आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. १९७६ च्या एका अभ्यासात व्रणाचे रुग्ण आणि निरोगी माणसे या दोघांनाही सुमारे २४० मिलिलिटर दूध दिले, तेव्हा साईचे असो, कमी स्निग्धांशाचे असो की पूर्ण बिनसाईचे, आम्ल वाढलेच. भारतात झालेल्या आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात लहान आतड्याच्या व्रणाच्या काही रुग्णांना औषधासोबत मुख्यतः दुधावर ठेवले आणि काहींना नेहमीचे जेवण दिले. चार आठवड्यांनी दुधावर असलेल्यांपैकी कमी जणांचे व्रण भरले होते. एके काळी तासातासाला दूध-साय पाजणे हाच व्रणावरचा उपचार होता, आणि आपल्या घरांतली वडीलधारी माणसे जे सांगतात ते त्याच काळातले आहे.

आता त्या रात्रीच्या दोन वाजता परत जाऊ. लहान आतड्याचा व्रण रिकाम्या पोटी दुखतो, विशेषतः मध्यरात्रीनंतर, आणि काही खाल्ले-प्यायले की शमतो. आमच्या गृहस्थांचा कप म्हणजे जवळजवळ सगळे दूधच होते, त्यामुळे अर्धा तास बरे वाटणे हे व्रणाचेच लक्षण होते. ते कॉफी मानवत असल्याचे चिन्ह मुळीच नव्हते. अर्ध्या तासानंतर दूध आणि कॉफी या दोघांनी वाढवलेले आम्ल व्रणावर येई, पुन्हा दुखे, आणि पुढचा कप लागे. चार कपांचा हिशेब असा जुळत गेला.

तरीही कॉफीत दूध घालू नये असे मी म्हणत नाही. १०० मिलिलिटर दुधात अर्धा चमचा कॉफी घेतली तर काळ्या कॉफीपेक्षा एकूण कॉफी कमी जाते, आणि फायदा होतो तो त्या कमी कॉफीचा. दुधाला औषध समजून मात्रा वाढवणे तेवढे टाळावे. शिवाय कॉफीनंतर पोट फुगणे, गुरगुरणे आणि वारा सरणे हा त्रास असेल तर त्याचे कारण दुधातली साखर न पचणे हेही असू शकते, आणि ते वेगळे काढण्याची सोपी रीत पुढच्या पायरीत आहे.

पाचवी पायरी: कॉफी परत सुरू करून पाहणे

ही मांडणी वहीत नोंदी ठेवणाऱ्या माणसाची आहे. ती वैद्यकशास्त्रातला नियम नाही, आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करावी. सगळ्यात महत्त्वाची बाब म्हणजे वेळ. आम्ल कमी करणारी गोळी चालू असताना कॉफी सोसली, तर त्यावरून गोळी थांबल्यानंतरचे काहीच कळत नाही, कारण गोळीने आम्ल दाबून ठेवलेले असते. उलट, काही आठवडे चाललेली गोळी थांबवली की पहिले दोन आठवडे जठर नेहमीपेक्षा जास्त आम्ल सोडू शकते. त्या दिवसांत कॉफी घेतली आणि जळजळ झाली तर दोष कॉफीचा की गोळी थांबल्याचा हे सांगता येत नाही. जिवाणू गेला की नाही याची श्वासाची किंवा शौचाची चाचणीही प्रतिजैविके संपल्यावर किमान चार आठवड्यांनी आणि ही गोळी दोन आठवडे बंद ठेवूनच करतात. तेव्हा ही चाचणी होऊन निकाल हाती आला की कॉफीचा प्रयोग सुरू करावा, म्हणजे दोन्ही अडचणी आपोआप टळतात. जठरात व्रण असेल तर तो भरल्याची खात्री करण्यासाठी डॉक्टर बहुधा पुन्हा दुर्बीण घालतात, तोवर थांबावे.

आमच्या गृहस्थांनी चाचणी निर्दोष आल्यावर सुरुवात केली. पहिले तीन दिवस नाश्त्यानंतर फक्त १०० मिलिलिटर दूध, कॉफी नाही. पोट फुगले नाही, म्हणजे दूध निर्दोष ठरले. पुढचे चार दिवस त्याच दुधात अर्धा चमचा कॉफी, त्यानंतरचे चार दिवस एक चमचा. दर वेळी वेळ, आधी काय खाल्ले आणि पुढच्या तीन तासांत दुखणे शून्य ते दहापैकी किती, एवढेच लिहायचे. या अकरा दिवसांत आकडा एकच्या वर गेला नाही. बाराव्या दिवशी एकादशी आली आणि त्यांनी सवयीने सकाळी सातला उपाशीपोटी तोच एक चमच्याचा कप घेतला, तासाभरात पाच. दुपारी साबुदाण्याच्या खिचडीनंतर तोच कप, आणि आकडा शून्य. म्हणजे त्यांच्या बाबतीत प्रश्न कपापेक्षा रिकाम्या पोटाचा होता.

मुलाने पुण्याहून डिकॅफ पाठवली होती, तीही तपासली. उपाशीपोटी डिकॅफला चार, जेवणानंतर शून्य. फरक जवळजवळ नाहीच, मात्र दिवसा झोप चांगली लागली असे त्यांनी वहीच्या कडेला लिहिले आहे, आणि रात्रपाळीच्या माणसाला ते कमी नाही. एकाच वेळी दोन गोष्टी बदलायच्या नाहीत, हे पथ्य त्यांनी एकदाच मोडले: रात्री शेवभाजी आणि लगेच कॉफी. जळजळ झाली आणि कारण ठरवता आले नाही, म्हणून तो दिवस त्यांनी खोडला. तिखटाबद्दल सांगायचे तर दिल्लीतील एका अभ्यासात व्रणाच्या रुग्णांना रोज ३ ग्रॅम लाल तिखट देऊनही व्रण भरण्यात फरक पडला नव्हता. तरी ज्याला झोंबते त्याने ते त्या काळापुरते टाळावे, एवढेच.

आता ते दिवसाला दोन कप घेतात, प्रत्येकी एक चमच्याचा. पहिला उठल्यानंतरच्या जेवणावर, दुसरा रात्री साडेदहाला डब्यातल्या भाजी-भाकरीवर. कळण्याची अर्धी भाकरी ते दोन वाजता खाण्यासाठी मागे ठेवतात आणि तिच्यासोबत पाणी पितात. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिली आहे. सलग तीन दिवस आकडा तीनच्या वर गेला तर कॉफी बंद करून डॉक्टरांना वही दाखवायची, असे त्यांनी पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे. गेल्या पावसाळ्यात ती वेळ एकदा आली. तेव्हा लग्नाच्या धावपळीत कोणीतरी दिलेली अंगदुखीची गोळी त्यांनी दोन दिवस घेतली होती, असे नोंदींवरून निघाले.